बी६ वरचे प्यादे आणि हातचा गेलेला सामना: एकतिसावी चाल पायरीपायरीने

आपण सामना १½–२½ असा हरलो. पहिल्या पटावर बरोबरी, दुसऱ्यावर हार, चौथ्यावर जीत. म्हणजे तिसरा पट शेवटी उरला तेव्हा गुण १½–१½ होते आणि त्या पटावर आपली बाजू किंचित सरसच होती. तिथे नुसती बरोबरी झाली असती तरी सामना २–२ सुटून एक मॅच पॉइंट मिळाला असता. एकतिसाव्या चालीला आपल्या खेळाडूने एक फुकटचे दिसणारे प्यादे घेतले. समोरच्याने एक शांत चाल केली आणि डाव तिथेच संपला.

हे टिपण क्लबात नव्याने आलेल्या आणि सांघिक सामने फारसे न खेळलेल्या सदस्यांसाठी आहे. चूक कोणाची हा विषय इथे नाही. त्या जागी आपल्यापैकी निम्म्याहून जास्त जणांनी तेच प्यादे घेतले असते, आणि म्हणूनच ही पोझिशन सगळ्यांनी स्वतःच्या हाताने मांडून बघायला हवी.

काय लागेल

- खरा पट आणि सोंगट्या. मोबाइलवर बघणार असाल तर इंजिन बंद ठेवा.
- त्या डावाच्या स्कोअरशीटची प्रत. क्लबाच्या फाइलमध्ये लावली आहे.
- कोरा कागद आणि पेन.
- तुमच्या स्वतःच्या शेवटच्या दहा डावांच्या स्कोअरशीट. त्या सहाव्या पायरीला लागतील.
- साधारण पाऊण तास.

१. पोझिशन मांडा

पांढरे आपण. राजा जी१, वजीर डी२, हत्ती बी१, प्यादी ए२, डी५, एफ२, जी२, एच२.

काळे समोरचे. राजा जी८, वजीर एच४, हत्ती ई८, प्यादी ए५, बी६, एफ७, जी७, एच६.

चाल पांढऱ्याची. अ‍ॅपमध्ये मांडायचे असेल तर हे जसेच्या तसे टाका:

```
4r1k1/5pp1/1p5p/p2P4/7q/8/P2Q1PPP/1R4K1 w - - 0 31
```

दोन्हीकडे पाच-पाच प्यादी, एक-एक हत्ती, एक-एक वजीर. डी५ वरचे आपले प्यादे पास्ड पॉन आहे, त्याला अडवायला काळ्याचे एकही प्यादे उरलेले नाही. म्हणून आपली बाजू थोडी सरस.

आता काळ्याची तिसावी चाल लिहून ठेवा: वजीर डी८ वरून एच४ वर. डी८ वर असताना हा वजीर तिरक्या रेषेत बी६ च्या प्याद्याला धरून होता. तो उठला आणि बी६ उघडे पडले. आपला हत्ती बी१ वर आहे, फाइल मोकळी आहे, प्यादे समोर आहे.

आणखी एक गोष्ट नीट बघा. काळ्याचे एच-प्यादे एच६ वर आहे, आपले एच२ वरच आहे. काळ्याच्या राजाला एच७ ची खिडकी आहे. आपल्या राजापुढे एफ२, जी२, एच२ ही तिन्ही प्यादी भिंतीसारखी उभी आहेत. पटाच्या दोन टोकांमधला हा एका चालीचा फरक पुढे सगळे ठरवतो.

२. उत्तर बघण्याआधी दहा मिनिटे द्या

हत्तीने बी६ मारा. मग पट फिरवून काळ्याच्या बाजूला बसा आणि काळ्याची सर्वात चांगली चाल शोधा. जे सापडेल ते कागदावर लिहा, पाचव्या मिनिटाला मन बदलले तर तेही लिहा. पुढचा भाग वाचून मग "हो, दिसलेच असते" असे वाटते. तुम्हाला प्रत्यक्षात काय दिसले होते ते फक्त हा कागदच सांगेल.

बहुतेक जण आधी हत्ती ई१ चा शह बघतात. तो चालत नाही, कारण डी२ वरचा वजीर ई१ मारतो. मग वजीर ई४ दिसते. त्यात वजीर आणि हत्ती दोघेही ई१ वर रोखलेले असतात आणि मात करण्याची धमकी खरीच आहे. पण पांढरा एच३ खेळून राजाला वाट करून देतो आणि वरचे प्यादे हातात ठेवतो. इथवर पोचून शोध थांबवला असेल तर तुमचाही डाव गेला.

३. वजीर डी४ ही चाल काय करते

```
31.Rxb6??  Qd4!
```

काळ्याने वजीर आपल्या वजिरासमोर, मध्ये एकच घर सोडून, आणून ठेवला. त्याला कोणाचाही आधार नाही. शह नाही, मारही नाही. तरीही पांढऱ्याकडे एकही चांगली चाल शिल्लक नाही.

कारण आपल्या वजिरावर एकाच वेळी दोन कामे आली आहेत. हत्ती बी१ सोडून गेल्यामुळे पहिली रांग आता एकटा वजीर सांभाळतो आहे, आणि त्याच वजिरावर डी४ वरून हल्ला आहे. शिवाय डी४ वरून तिरक्या रेषेत बी६ चा हत्तीही माऱ्यात आहे. पांढऱ्याची प्रत्येक चाल पटावर करून बघा. वाचून सोडून देऊ नका, कारण यातल्या दोन चाली तुम्हाला काही क्षण तरी बचाव वाटतील.

वजिराने वजीर मारला, तर हत्ती ई१ मात. डी४ वरून पांढरा वजीर ई१ ला पोचत नाही आणि एफ१ वर आडही येऊ शकत नाही.

हत्ती परत बी१ वर आणला, तर पहिली रांग सुरक्षित होते, पण काळा डी२ वरचा वजीर फुकट मारतो. राजा एफ१ वर नेला किंवा आता उशिरा एच३ केले, तरी तेच. आणि एफ-प्यादे तर हलवताच येत नाही, कारण डी४ च्या वजिराने ते राजावर बांधून ठेवले आहे.

वजिराने ए५ चे प्यादे मारले, तर ही पहिली फसवी चाल. ए५ वरून वजीर बी६ च्या हत्तीला आधार देतो आणि लांबच्या तिरक्या रेषेने ई१ सुद्धा धरून राहतो. दोन्ही कामे झाली असे वाटते. पण डी२ सोडल्यामुळे डी-फाइल उघडली. काळा वजीर डी१ वर शह देतो, पांढऱ्याला ई१ वर वजीर आड घालावाच लागतो आणि तिथे मात होते:

```
32.Qxa5  Qd1+
33.Qe1   Qxe1#
```

हत्ती बी८, ही दुसरी फसवी चाल. काळ्याच्या हत्तीवर हल्ला करून गोंधळ उडवायचा विचार. काळा सरळ हत्ती मारतो, आणि पांढऱ्याने डी४ वरचा वजीर घेतला की बी-फाइलवरून मात येते:

```
32.Rb8   Rxb8
33.Qxd4  Rb1+
34.Qd1   Rxd1#
```

हत्ती ई६ ने ई-फाइल बंद करता येते, डी५ च्या प्याद्याचा आधारही आहे. काळा हत्तीने हत्ती मारतो. पांढऱ्याने वजीर मारला तर ई१ वर मात, आणि प्याद्याने हत्ती मारला तर काळा डी२ चा वजीर घेतो.

वजीर सी१ ही त्यातल्या त्यात कमी नुकसानीची चाल. पहिली रांग वाचते, वजीर वाचतो, आणि काळा बी६ चा हत्ती घेऊन जातो. आपल्या खेळाडूने हेच केले. पूर्ण एक हत्ती गेल्यावर लढायला काही उरले नव्हते.

४. ती चाल का दिसली नाही

नुसते "लक्ष नव्हते" म्हणून सोडून देऊ नका. स्कोअरशीटवर चालीशेजारी घड्याळाची वेळ लिहिलेली आहे, त्यामुळे बरेच काही समजते. वेळ होता ६० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव. तिसाव्या चालीनंतर आपल्या घड्याळात १४ मिनिटे १० सेकंद होते, एकतिसाव्यानंतर १३ मिनिटे ५० सेकंद. वाढीव ३० सेकंद धरले तर या चालीला ५० सेकंद लागले. वेळ संपत आला होता असे म्हणता येत नाही. तीन-चार मिनिटे सहज देता आली असती.

पहिले कारण, समोरच्याच्या चालीचा अर्थ अर्धाच विचारला गेला. वजीर एच४ वर आला तेव्हा "हा माझ्या राजावर येतोय का?" हे पाहिले गेले आणि जी-एच बाजूला काही धोका नाही हे बरोबर ठरले. पण वजीर जिथे गेला तिथून तो कुठल्या रेषा धरतो, हे पाहिले गेले नाही. एच४ वरून चौथी रांग पूर्ण मोकळी आहे: जी४, एफ४, ई४, डी४. वजीर, हत्ती आणि उंट यांची चाल आपण बहुधा ज्या दिशेला धमकी वाटते त्याच दिशेला वाचतो. आडव्या रांगेतली लांबची सरक सर्वात जास्त वेळा निसटते.

दुसरे कारण, राखण मोजली, पण राखणदाराची कामे मोजली नाहीत. आपल्या खेळाडूने "ई१ वजिराने धरले आहे" हे पाहिले होते, डाव संपल्यावर त्याने तसे सांगितलेही. ते खरेच होते. पण घर धरलेले असणे आणि ते धरणारा मोहरा तिथून हलवता न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या मोहऱ्यावर मात वाचवायची जबाबदारी असेल तर तो मोहरा पटावर असूनही बांधलेला असतो. त्याला कोणी मारायला आला तरी तो उलट मारू शकत नाही. हाच ओव्हरलोड. पुढच्या सामन्यात पटावर याची एक खूण शोधा: एकच मोहरा, मागे उघडी रांग आणि समोरच्याकडे मोकळ्या फाइलवर हत्ती.

तिसरे कारण नव्या खेळाडूंना जास्त लागू आहे. आपण समोरच्याच्या चाली शोधताना आधी शह बघतो, मग मार बघतो, आणि तिथे काही सापडले नाही की निर्धास्त होतो. वजीर डी४ या दोन्हींत बसत नाही. शिवाय वजीर सरळ माऱ्यात येऊन उभा राहतो, म्हणून मन ती चाल "अशक्य" म्हणून आधीच गाळून टाकते. ज्या घरी समोरचा मोहरा "फुकट" जाईल असे वाटते ती घरे बघायची सवय मुद्दाम लावावी लागते. आपोआप ती येत नाही.

५. इथे काय खेळायला हवे होते

एच३. बस. बी६ चे प्यादे पळून जात नाही. काळ्याला ते वाचवायचे असेल तर वजीर डी८ किंवा एफ६ ला, नाहीतर हत्ती बी८ ला न्यावा लागतो, म्हणजे त्याची एक चाल राखणीतच जाते.

एच३ नंतर तीच युक्ती पुन्हा लावून बघा. समजा काळ्याने वाट पाहणारी एखादी चाल केली, आपण बी६ मारले, त्याने वजीर डी४ केले. आता आपण बेधडक वजीर मारायचा. हत्ती ई१ ला शह आला की राजा एच२ वर जातो आणि काळ्याचा वजीर फुकट गेलेला असतो. पटावर फक्त एका प्याद्याची जागा बदलली, आणि जी चाल डाव जिंकत होती तीच आता डाव हरते.

काळ्याने एच३ ला वजीर ई४ असे उत्तर दिले, बी१ आणि डी५ दोन्हीकडे नजर ठेवून, तर:

```
31.h3    Qe4
32.Rxb6  Qe1+
33.Qxe1  Rxe1+
34.Kh2
```

वजीर गेले, हत्तींचा शेवट उरला, आपल्याकडे एक प्यादे जास्त आणि तेही डी५ चे पुढे निघालेले. हा शेवट जिंकायलाही मेहनत लागेल, पण अशा स्थितीत हरायचे कारण नाही, आणि सामन्याला हवा होता तो अर्धा गुण तर त्यात होताच.

एच३ डोळे झाकून करायची चाल नाही, हेही नव्यांनी लक्षात ठेवा. समोरच्याचा काळ्या घरांचा उंट बी८–एच२ या तिरक्या रेषेवर असेल तर एच२ हे घर त्याच्या ताब्यात असते. तिथे एच३ ने खिडकी उघडतच नाही. मग जी३ करून जी२ चे पांढरे घर मोकळे करावे लागते. बरेच मोहरे पटावर असताना आणि समोरचा आपल्या राजाच्या बाजूला प्यादी पुढे आणत असताना एच३ उलट त्याला पकड देते. आणि वजीर पटावरून गेले असतील तर बऱ्याचदा राजाला सरळ एफ१ वरून मधे आणणे जास्त उपयोगाचे. पण वजीर-हत्ती शिल्लक, हलके मोहरे गेलेले आणि मधली एखादी फाइल उघडी, अशा पोझिशनमध्ये खिडकीला एक चाल देणे जवळपास नेहमीच परवडते. काळ्याने हे काम बाविसाव्या चालीलाच उरकले होते.

६. हाच फास, १९१४ सालचा

ही युक्ती जुनी आहे. मॉस्कोत १९१४ मध्ये बर्नस्टाइन विरुद्ध कॅपाब्लांका या डावात कॅपाब्लांकाने काळ्याकडून याच प्रकारे डाव संपवला. त्याची शेवटची पोझिशन आपल्या पटाशेजारी मांडून ठेवा:

```
3r2k1/p4ppp/1q6/8/8/2R1P3/P3QPPP/6K1 b - - 0 29
```

बर्नस्टाइनने सत्ताविसाव्या चालीला सी३ चे प्यादे घोड्याने मारले. मग घोड्यांची आणि एकेका हत्तीची मारामारी होऊन पांढऱ्याचा हत्ती सी३ वर येऊन बसला. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त होते. एफ२, जी२, एच२ तशीच जागेवर. पहिल्या रांगेचे डी१ हे घर ई२ चा वजीर एकटा सांभाळत होता. काळ्याने वजीर बी२ वर ठेवला, आणि पांढऱ्याने डाव सोडला.

वजिराने वजीर मारला तर हत्ती डी१ मात. हत्ती सी२ वर आणला तर वजीर बी१ शह, वजीर एफ१ आड, आणि काळा सी२ चा हत्ती घेतो. वजीर ई१ केले तर काळा सी३ चा हत्ती वजिराने मारतो. पांढऱ्याने तो वजीर घेतला की हत्ती डी१ शह, वजीर ई१ आड, हत्तीने ई१ मारून मात.

एक बचाव मात्र नीट बघा, कारण तिथे काळाही घसरू शकला असता. पांढऱ्याने वजीर डी३ केले, तर काळ्याच्या हत्तीला तो वजीर मारायचा मोह होतो. मारला, तर पांढरा हत्ती सी८ वर शह देतो आणि मात काळ्याला होते, कारण कॅपाब्लांकाच्या राजालाही खिडकी नव्हती! बरोबर चाल म्हणजे आधी वजीर ए१ शह, मग वजीर एफ१ आड आल्यावर सी३ चा हत्ती.

आता दोन्ही पट शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे आमिष एका प्याद्याचे. दोन्हीकडे हत्ती पुढे जाऊन लटकलेला. दोन्हीकडे पहिली रांग एकटा वजीर सांभाळतो आहे आणि शेवटची चाल शह नसलेली आहे. एवढे जुळते की एक नीट पाठ असेल तर दुसरी पटावर ओळखू येते.

याच पायरीवर तुमच्या दहा स्कोअरशीट काढा. प्रत्येक डावात राजाला खिडकी कितव्या चालीला केली तो आकडा बाजूला लिहा, आणि केलीच नसेल तर "नाही" लिहा. मग मोकळ्या फाइलवर पहिला हत्ती कितव्या चालीला आला तेही लिहा. ज्या डावात दुसरा आकडा पहिल्याच्या बराच आधी आहे, तो डाव पुन्हा मांडून बॅक रँकवर काय काय शक्य होते ते शोधा. जिंकलेले डावही सोडू नका.

७. पटावर बसल्यावर: फुकटचे प्यादे घेण्याआधी

सगळ्या चालींना हा विचार करत बसलात तर वेळ पुरणार नाही. समोरच्याने काहीतरी उघडे टाकले आणि ते घ्यायला आपला हत्ती किंवा वजीर जागा सोडणार असेल, तेव्हाच हे करा. दोन-तीन मिनिटांत होते.

आधी हात टेबलाखाली. ज्या सोंगटीला मुद्दाम हात लागला ती खेळावीच लागते, आणि प्यादे मारण्याच्या घाईत हात आधी जातो.

मग स्वतःला विचारा, "मी जे घर सोडतोय ते काय सांभाळत होते?" आपल्या डावात उत्तर होते पहिली रांग. हत्ती गेल्यावर ती आता कोण सांभाळणार? एकच नाव निघाले तर थांबा.

त्या एकट्या राखणदाराला समोरचा कुठल्या कुठल्या घरांवरून भिडू शकतो, ती घरे मोजा. इथे राखणदार डी२ चा वजीर. काळा वजीर एका चालीत त्याच्यावर कुठून रोखला जाऊ शकतो? बी४, डी४, एफ४, जी५. प्रत्येक घरी ठेवून बघा की आपण मारले तर काय होते. एफ४ वर वजीर आला आणि आपण मारला तर ई१ वर मात. मग तिथे हत्ती काय करतो? बी६ चा हत्ती एफ४ वरून माऱ्यात नाही, त्यामुळे वजीर डी१ ला मागे आला की जमते. जी५ चेही तसेच. बी४ वर आला तर आपला हत्तीच त्याला मारतो आणि ई१ डी२ च्या वजिराकडे सुरक्षित राहते. डी४ वर मात्र हत्तीही सापडतो. चार घरे, प्रत्येकी वीस-तीस सेकंद.

शेवटी, खिडकी आधी करून तेच प्यादे पुढच्या चालीला घेता येईल का? येत असेल तर आधी खिडकी.

एक सूचना जुन्या प्रशिक्षणातून आलेल्यांसाठी. "चाल आधी स्कोअरशीटवर लिही, एकदा बघ, मग खेळ" असे बऱ्याच जणांना शिकवलेले असते. फिडेच्या सध्याच्या नियमांत ते चालत नाही. बरोबरीचा दावा करताना वगैरे अपवाद सोडले तर चाल खेळल्यावरच लिहायची. आधी लिहिलीत तर पंच ताकीद देऊ शकतात. म्हणून थांबण्यासाठी दुसरी काही सवय लावा, उदाहरणार्थ समोरच्याची चाल लिहून पेन खाली ठेवणे आणि मगच विचार सुरू करणे.

८. सांघिक सामन्यात वेगळे काय

स्पर्धेच्या नियमांत वेगळे काही दिले नसेल तर कॅप्टन खेळाडूला बरोबरी मागायला, आलेली बरोबरी स्वीकारायला किंवा डाव सोडायला सांगू शकतो. तेवढेच आणि थोडक्यात. पोझिशनबद्दल एक शब्दही बोलता येत नाही. "जपून", "राजा बघ", चेहऱ्यावरचा इशारा, हे सगळे नियमाबाहेर आहे. म्हणून मागे उभा असलेला कॅप्टन एच२ च्या प्याद्याकडे बघत असला तरी तुम्हाला काही सांगू शकत नाही. ते तुम्हालाच बघावे लागते.

तुम्ही मात्र विचारू शकता. समोरच्याने बरोबरी दिली तर "घेऊ का?" हा प्रश्न कॅप्टनला विचारणे योग्य आहे, आणि उत्तर हो किंवा नाही असे येईल. ते उत्तर बाकीच्या पटांवरून ठरते.

बाकीच्या पटांचे निकाल तुम्ही स्वतःही बघत राहा, पण एक चाल खेळून समोरच्याची पाळी असताना. तिसऱ्या पटावरचा आपला खेळाडू अठ्ठाविसाव्या चालीनंतर चौथ्या पटाचा शेवट बघायला उठला होता, त्यात चूक काही नाही. १½–१½ झाल्यावर मात्र त्याच्या पटाचे गणित बदलले होते. आता हरणे टाळले की सामना वाचत होता, आणि अधिकचे प्यादे ही वरची गोष्ट होती. अशा वेळी दोन चाली समोर असतील, एक प्यादे मिळवून देणारी आणि एक राजाला सुरक्षित करणारी, आणि दोन्हींत फरक नीट मोजता येत नसेल, तर सुरक्षित चाल खेळा. चारही पट सुरू असताना हा नियम इतका कडक नाही.

९. पुढच्या बैठकीपर्यंत

पहिल्या पायरीच्या पोझिशनमध्ये दोन बदल करून बघा आणि उत्तरे लिहून आणा.

पहिला बदल: काळ्याचे एच६ चे प्यादे परत एच७ वर ठेवा. पांढऱ्याने बी६ मारले, काळ्याने वजीर डी४ केले, पांढऱ्याने हत्ती बी८ केले. आता काळ्याने डी२ चा वजीर घेतला तर काय होते? आणि बरोबर चाल कोणती?

दुसरा बदल: एच६ पुन्हा जागेवर, पण पांढऱ्याचे ए२ चे प्यादे उचलून सी३ वर ठेवा. आता बी६ घेता येते का? येत असेल तर काळ्याच्या वजीर ई४ ला पांढऱ्याने काय खेळायचे?

उत्तरे चालींसकट, इंजिन न वापरता आणा. पहिल्यात हत्ती बी८ नंतरही काळ्याकडे जिंकणारी चाल आहे, तिथपर्यंत प्रत्येकाने स्वतः पोचायचे आहे.